"अंगावर घेतल्याशिवाय झोपतच नाही": दहा महिन्यांच्या बाळीची एक केस, पाच आठवडे

मी ठाण्यात स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. ही केस आईच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, बाळीला इथे नुसतं पिल्लू म्हणते.

आईचा फोन आला तेव्हा पिल्लू दहा महिन्यांची होती. २६ आठवड्यांची रजा संपून आई ऑफिसला लागून चार महिने झालेले, आठवड्यातून चार दिवस जायचं, सकाळी साडेआठला घर सोडायचं आणि संध्याकाळी साडेसहाला परत. दिवसभर बाळ आजीकडे, म्हणजे आईच्या सासूबाईंकडे. वन बीएचके, बेडरूममध्ये आई-बाबा आणि बाळ, आजी हॉलमध्ये. फोनवर पहिलंच वाक्य होतं, "ताई, ती रात्रभर लटकलेली असते, सोडवलं की रडते, आणि मी परवा सोफ्यावर पाजता पाजता झोपून गेले, जाग आली तेव्हा ती माझ्या आणि पाठीच्या उशीच्या मधे होती."

बाकीचं सगळं नंतर, हे सोफ्याचं आधी. बाळ घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं बिछान्यापेक्षा कितीतरी धोक्याचं असतं कारण बाळ फटीत सरकतं आणि नाक-तोंड दाबलं जातं. त्याच रात्री त्यांनी पलंगावरची गादी खाली जमिनीवर घातली, भिंतीपासून लांब, बाळाच्या बाजूला उशा आणि जाड रजई नाही, बाबा आईच्या पलीकडे. आता झोप लागली तरी ती निदान बऱ्या जागी लागेल एवढी सोय झाली, मग पुढचं बोलायला घेतलं.

तीन दिवस काहीही बदलू नकोस, फक्त लिही असं सांगितलं. मोबाईलमध्ये नोट्स, कधी झोपली, कधी उठली, किती वेळ प्यायली. रात्री उठून लिहायचा कंटाळा येतो, तिने अर्धवटच लिहिलं, पण तेवढंही पुरलं. साडेनऊला झोप, मग ११, सव्वाबारा, दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, पावणेसहा. सात वेळा. यात बघण्यासारखं म्हणजे मधलं अंतर, जवळजवळ तास-सव्वातास, ठरल्यासारखं. लहान बाळांचं झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं (आपलं दीडेक तासाचं) आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी सगळ्यांनाच किंचित जाग येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळ त्या अर्धवट जागेत चाचपून बघतं की झोपताना जे होतं ते अजून आहे का. पिल्लू झोपताना तोंडात स्तन होता, जागी होते तेव्हा नाही, म्हणजे तिच्या दृष्टीने काहीतरी हरवलंय, आणि ती ते परत मागते. यात हट्ट नाही आणि वाईट सवय हा शब्दही मला आवडत नाही. पिता पिता झोप येणं ही शरीराचीच रचना आहे, चोखताना बाळाच्या पोटातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं तृप्तीचं हार्मोन सुटतं त्याने गुंगी येते, रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, आईलाही पेंग येते. आई आनंदात असेल, बाळ वाढत असेल, तर यात काहीच करायची गरज नाही हे मी या आईलाही सांगितलं. पण ती चार महिने सलग दीड तासही झोपलेली नव्हती, एका कुशीवर पाजून पाठ धरलेली, आणि ऑफिसमध्ये स्क्रीनसमोर डोळे मिटत होते. तिला काहीतरी हलकं व्हायला हवं होतं. दूध तोडायचं मात्र नव्हतं, ते तिने दोनदा सांगितलं.

पण तास-सव्वातासाने उठणारं प्रत्येक बाळ फक्त सवयीने उठतं असं धरून चालायचं नसतं, त्यामुळे आधी बाकीची कारणं बघितली. वजन ८.३ किलो, दहा महिन्यांच्या मुलीला छान. घोरते का, तोंड उघडं ठेवून श्वास घेते का, नाही. कानाला हात लावते का, नाही. झोपेत पाय सारखे घासते, आपटते का, यावर आई थांबली आणि म्हणाली हो, खूप. लोहाची कमतरता असली की झोप अशी तुटक होऊ शकते, आणि सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून लोह पुरत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.९ निघालं, डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. आता पुढे जी सुधारणा झाली त्यात लोहाचा वाटा किती आणि आपल्या कामाचा किती हे मला वेगळं काढता येणार नाही, दोन्ही एकाच महिन्यात चाललं होतं.

दुसरी गोष्ट दिवसाच्या नोंदीत सापडली. आई नसताना पिल्लू काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने कसंबसं ६० मिली घ्यायची, खाणं म्हणजे पातळ वरणाचं पाणी आणि भाताची पेज, ती पण चार चमचे. मग आई घरी आली की रात्रभर वसुली. कामावर जाणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये हे खूप दिसतं, दिवसाचं पिणं रात्रीवर सरकतं. म्हणजे त्या सात वेळांपैकी काही वेळा खरोखर पोटासाठी होत्या. अशा बाळाला रात्री तोडायला गेलं तर ते उपाशी रडेल आणि त्याचं रडणं बरोबर असेल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती आजींनी सांगितली. मी घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "माझ्याकडे दुपारी झोपते की ती, मांडीवर घेते आणि थोपटते, दहा मिनिटांत." आई बघतच राहिली. तिला वाटत होतं बाळाला दुसरं काही येतच नाही. बाळाला येत होतं, फक्त आईबरोबर येत नव्हतं, कारण आईचा वास आला की दुधाची आठवण होणारच. म्हणजे नवीन काही शिकवायचं नव्हतं, आजीच्या मांडीवरचं थोपटणं रात्रीच्या गादीपर्यंत आणायचं होतं. काकू कशा थोपटतात ते मी बसून बघितलं. पाठीवर नाही, कुल्ह्यावर, हाताची ओंजळ करून, सेकंदाला एक इतकं संथ, आणि तोंडाने शब्द नाहीत, नुसतं "हं हं हंऽऽ" असं एकाच सुरात. मी आईला म्हटलं हे अगदी असंच उचल, सूरसुद्धा तोच.

काकूंनी दुसरा एक उपाय सुचवला होता तो म्हणजे कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, त्यांच्या वेळी तसंच केलं होतं. मी त्यांना सरळ सांगितलं की काकू, तो दूध पूर्ण तोडायचा जुना मार्ग आहे, इथे आपल्याला तोडायचं नाहीये, आणि एका रात्रीत बंद केलं तर हिच्या छातीत गाठी होतील, ताप येईल, आणि बाळाला जे सगळ्यात ओळखीचं तेच अचानक कडू. त्यांना पटलं. शेजारून "रात्री बाटली दे, पोट भरून झोपेल" हेही आलं होतं, ते पण नको म्हटलं, बाटली तोंडात ठेवून झोपणं म्हणजे एका सवयीच्या जागी दुसरी, शिवाय दातांवर दूध साचतं ते वेगळंच.

पहिल्या आठवड्यात रात्रीचं काहीच कमी केलं नाही. फक्त दोन कामं. एक, दिवसाचं पोट: सकाळी निघायच्या आधी दोन्ही बाजूंनी निवांत पाजणं, मोबाईल बाजूला, दार लोटलेलं, कारण या वयात बाळ आवाज झाला की मान वळवतं आणि पिणं अर्धवट राहतं. आल्या आल्या परत एकदा. दुपारी वरणाच्या पाण्याऐवजी घट्ट डाळ, मऊ भात, चमचाभर तूप, मधल्या वेळी नाचणीचं सत्त्व, अंड्याचा बलक, आणि साडेसातला रात्रीचं जेवण. दोन, थोपटणं: रात्री पाजताना आई नेहमीसारखंच पाजेल पण त्याच वेळी काकूंसारखं कुल्ह्यावर थोपटेल आणि तोच सूर धरेल. म्हणजे जुन्याच्या अंगाला नवीन चिकटवायचं, जुनं काढायची घाई नाही. आईला हे फारच बिनकामाचं वाटलं, तिसऱ्या दिवशी मेसेज, "ताई, काहीच फरक नाही." फरक पडायचा नव्हताच, त्या आठवड्याचा हेतू एवढाच की पिल्लूच्या डोक्यात झोप म्हणजे दूध अधिक थोपटणं अशी जोडी बसावी.

दुसऱ्या आठवड्यात तोंडातून काढायला सुरुवात, आणि तीही फक्त रात्री पहिल्यांदा झोपवताना आणि पहिल्या जागेला. बाकी सगळ्या वेळी आधीसारखं पाजायचं, अर्धवट झोपेत, काहीही विचार न करता. असं का, तर रात्रीच्या पहिल्या भागात झोपेचा दाब सगळ्यात जास्त असतो, बाळ गाढ झोपेकडे ओढलं जात असतं, तिथे थोडी मदत कमी झाली तरी ते झेपतं. पहाटे चारला झोप हलकी असते, तिथे प्रयोग करायला गेलं की सगळं घर जागं.

काढायचं कधी हे बघायला लागतं, घड्याळ लावून होत नाही. सुरुवातीला बाळ ओढून पितं, एक-दोनदा ओढलं की घुटका, जबडा कानापर्यंत हलताना दिसतो, घशाचा आवाज येतो. काही मिनिटांनी घुटके लांब लांब होतात आणि मग नुसतं लुचणं राहतं, हनुवटी थरथरल्यासारखी बारीक हलते, मूठ सैल पडते. तिथे. करंगळी स्वच्छ करून ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे सरकवायची, हवा आत गेली की पकड सुटते, मग स्तनाग्र काढायचं. ओढून काढायचं नाही, दुखतं आणि बाळ दचकतं. काढल्यावर लगेच हनुवटीखाली बोट ठेवून तोंड हलकं मिटवून धरायचं आणि थोपटणं चालूच. बाळ तोंड उघडून शोधायला लागलं तर मनात दहापर्यंत मोजायचं, शांत होत असेल तर छान, कुरकुर चढत असेल तर परत द्यायचं, आणि परत लुचणं सुरू झालं की परत काढायचं.

पहिल्या रात्री सात वेळा काढलं, सात वेळा दिलं, आठव्यांदा तोंडात असतानाच झोपली. ५० मिनिटं लागली. दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री आईने मला जरा वैतागून व्हॉइस मेसेज पाठवला, तो ऐकताना माझ्या लक्षात आलं की ती साडेआठलाच आडवी करतेय. मी विचारलं संध्याकाळी किती झोपते. साडेपाच ते पावणेसात! आई यायच्या वेळेपर्यंत काकू तिला झोपवायच्या, त्यांनाही तेवढीच उसंत. म्हणजे उठून पावणेदोन तास होतात न होतात तोच परत झोपायचं, या वयाच्या बाळाला रात्री झोपायच्या आधी निदान साडेतीन-चार तास जागं राहिलेलं लागतं. तिला झोपच आलेली नव्हती आणि आपण तिच्याशी पकड सोडवायचा खेळ खेळत होतो. दुपारची झोप एकपासून तीन-साडेतीनपर्यंत लांबवायची आणि संध्याकाळची बंद, एवढाच बदल, काकूंना त्याचा दोन दिवस त्रास झाला कारण पिल्लू सहाला चिडचिडायची, मग त्या तिला खाली सोसायटीत कबुतरं दाखवायला न्यायला लागल्या. रात्री झोपायची वेळ साडेसात नाही, साडेआठ नाही, पावणेनऊ बसली. त्या आठवड्याच्या शेवटी तिसऱ्यांदा काढल्यावर पिल्लूने स्वतःच मान वळवली, आईच्या दंडाला नाक लावलं आणि झोपली. पंधरा मिनिटं.

मला विचाराल तर आया थकतात ते बहुतेक वेळा काढण्याच्या पद्धतीमुळे नाही, बाळ दमलेलंच नसतं म्हणून.

रडण्याचं काय, हा प्रश्न आईने पहिल्या दिवसापासून धरला होता, आणि तिला रडवून झोपवणं मान्य नव्हतं, मलाही या केसमध्ये ते नको होतं. पण बाळाने हूं की चूं करू नये असंही होत नाही. आम्ही घरातल्या घरात दोन शब्द ठरवले. कुरकुर म्हणजे तुटक, मधे थांबणारी, डोळे मिटलेले, वरखाली होणारी, तिथे हात आणि सूर. रडणं म्हणजे सलग, डोळे उघडे, अंग ताठ, थोपटल्यावर वाढत जाणारं, ते दीडेक मिनिटात उतरलं नाही तर पाजायचं, कसलाही अपराधीपणा नाही. बाळ एकटं कधीच सोडायचं नाही. हा नियम बाबांनाही पाठ करायला लावला, कारण पुढचा आठवडा त्यांचा होता.

तिसऱ्या आठवड्यात पाजणं झोपेपासून थोडं मागे सरकवलं. आठ वाजता हॉलमध्ये, दिवा चालू, दोन्ही बाजूंनी पोटभर, मग ओल्या मऊ फडक्याने दात पुसणे (चार आलेले), लंगोट बदलणे, बाबांच्या खांद्यावरून घरभर फेरी मारून फ्रिज, घड्याळ, तुळस सगळ्यांना "गाई करतो" सांगणे, मग खोलीत अंधार आणि थोपटणं. खोलीत गेल्यावर मागितलं तर द्यायचं, पण थोडं. पहिले दोन दिवस तिने मागितलं, तिसऱ्या दिवशी मागितलं आणि दोन घोट घेऊन सोडलं. आईने विचारलं होतं की माझी ओढणी तिच्याजवळ ठेवू का, वास राहील, तेवढं मी नाही म्हटलं, वर्षाच्या आतल्या बाळाजवळ सुटं कापड नको.

मग ११ ची जाग बाबांकडे. इथे आमची चूक झाली. मी म्हटलं होतं की बाबांनी आधी आठवडाभर संध्याकाळचं थोपटणं करून बघावं, पण शुक्रवारी आई फार दमली होती आणि बाबांनी एकदम रात्रीच हातात घेतलं, तेही उभं राहून हलवत, वेगळ्याच सुरात. पिल्लू ओरडली, दहा मिनिटं तिघंही घामाघूम, शेवटी आईने घेतलं. त्यानंतर बाबा चार दिवस दुपारी सुट्टीत आणि रात्री पावणेनऊला काकूंच्या पद्धतीने थोपटायला बसले, आई शेजारीच. पाचव्या दिवशी ११ ला ते उठले, उचललं नाही, कुल्ह्यावर हात, तोच सूर. चार मिनिटं कुरकुर, झोप. आई बाजूला डोळे मिटून पडून होती आणि तिला अश्रू आवरेनात असं तिने सांगितलं, म्हणाली बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईची डावी छाती दगडासारखी, एका जागी दुखरी गाठ. रात्रीची एक वेळ कमी झाली तरी दूध तयार होतच असतं, शरीराला कळायला काही दिवस लागतात. हाताने फक्त ताण जाईल इतकं काढायचं, रिकामं करायचं नाही नाहीतर तेवढंच परत भरतं, आणि पाजल्यानंतर थंड फडकं. जोरात चोळायचं नाही. दीड दिवसात उतरली. ताप, थंडी किंवा लाल चट्टा आला असता तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. यावरूनच पुढचा वेग ठरवला, एका वेळी एकच जाग सोडायची आणि मधे चार-पाच दिवस जाऊ द्यायचे.

चौथ्या आठवड्यात सर्दी. नाक चोंदलं, पिल्लूला पिताना श्वास घेता येईना, रात्री परत पाच-सहा वेळा. आईने घाबरून फोन केला की सगळं वाया गेलं. मी म्हटलं सगळं सोडून दे, मागेल तेव्हा पाज, फक्त पाजताना थोपटणं सोडू नकोस. पाच दिवसांनी नाक मोकळं झाल्यावर परत त्याच जागेपासून सुरू केलं, दोन रात्री जरा कुरकुर झाली आणि तिसऱ्या रात्री गाडी आधीच्या ठिकाणी. दात येताना, लस झाल्यावर, गावाला गेल्यावर असंच होतं.

पाच आठवड्यांनी परत तीन दिवसांची नोंद मागितली. पावणेनऊला झोप, पहिली जाग साडेबाराच्या आसपास जी बाबा थोपटून सांभाळतात, कधी कधी ती जागच होत नाही. मग पहाटे चारला पोटभर पाजणं, आणि कधी साडेपाचला एकदा. पाय आपटणं कमी झालंय, लोह अजून चालू आहे, डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत. आईला सलग चार-पाच तास मिळतात. दिवसाचं खाणं वाढलंय, काढून ठेवलेलं दूध आता वाटीने शंभरेक मिली घेते.

चारचं पाजणं मी मुद्दाम हलवलं नाही. वर्षाच्या आत रात्री एक-दोनदा भूक लागणं स्वाभाविक आहे, आणि आईलाही ते नको झालेलं नाही. वाढदिवसानंतर तिला वाटलं तर तिथे आपण मिनिटं कमी करू, आठ मिनिटं पीत असेल तर तीन रात्री सहा, मग तीन रात्री चार, आणि उरलेलं थोपटणं. काल आईचा मेसेज होता, पहाटे चारला करंगळी लावायच्या आधीच पिल्लूने स्वतः सोडलं, पाठ फिरवली आणि बाजूला सरकली, आता बाबांना जागा नाही म्हणून गादी अजून एक आणायची का असं विचारत होती. मी म्हटलं आण, पण पातळ, आणि मधे फट राहणार नाही अशी जोड.